यूपीआय आयडी दिला की खाते क्रमांक खरंच लपतो का?

कंदीलवाली
मंडळी, मी घरी आकाशकंदील करते. आतापर्यंत ओळखीपाळखीतच विकायचे, पण यंदा एका मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकले आणि कोण कुठले लोक ऑर्डर द्यायला लागले. पहिल्या दोघांना मी सरळ खाते क्रमांक आणि आयएफएससी पाठवला तर नवरा ओरडला, म्हणाला असं कुणाला पण देतात का, यूपीआय आयडी दे. दिला. पैसे आले पण. आता माझा प्रश्न असा की समोरच्याला माझा खाते क्रमांक खरंच कुठेच दिसत नाही का? त्याच्या पासबुकात, एसेमेसमध्ये, कुठेही? आणि दिसत नसेल तर पैसे बरोबर माझ्याच खात्यात येतात कसे, कुणाला तरी तो नंबर माहीत असणारच ना?

पक्याभाई
आमच्या तीर्थरूपांनी त्यात @ बघून त्या पत्त्यावर ईमेल पाठवली होती, "पैसे पाठवले आहेत, कृपया पोच द्यावी". पोच अजून आलेली नाही.

निवृत्त_लेखापाल
नवरा बरोबर बोलला. खाते क्रमांक ही अत्यंत गोपनीय गोष्ट आहे, तो आणि आयएफएससी एकदा दुसऱ्याच्या हातात गेला की खात्यातून पैसे काढता येतात. यूपीआय आयडी दिल्यावर हा धोका राहत नाही कारण तो आभासी पत्ता आहे, खात्याशी त्याचा थेट संबंध नसतो.

सईची_आई
माझा अनुभव वेगळाच आहे. माझा डबे देण्याचा व्यवसाय आहे, मी पण खाते क्रमांक नको म्हणून आयडी द्यायचे आणि तो आयडी म्हणजे माझा मोबाईल नंबर आणि पुढे @ आणि काहीतरी, ॲपनेच बनवून दिलेला. त्याचा क्यूआर छापून डब्याच्या पिशवीत टाकायचे. मग रात्री अपरात्री मेसेज यायला लागले, एकाने तर "जेवण छान, तुम्ही पण छान" असं लिहिलं. नंबर कुठून मिळाला विचारलं तर म्हणे पेमेंट केलं तेव्हा दिसला. म्हणजे खाते क्रमांक लपवायच्या नादात फोन नंबर वाटत फिरले मी.

पक्याभाई
@सईची_आई, बाप रे. हा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता. आत्ता माझा बघितला, माझा पण नंबरच आहे.

स्विचमॅन
बँकेच्या पेमेंट विभागात काही वर्षं काढली आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कंदीलवाली, धरून चाला की तुमचं खातं बँक ऑफ महाराष्ट्रात आहे आणि तुमचा आयडी xyz@okaxis आहे. लक्षात घ्या, okaxis आहे म्हणजे खातं ॲक्सिसमध्ये आहे असं नाही. तुम्ही जीपे वापरता, जीपेच्या मागे काही बँका उभ्या आहेत, त्यातल्या ॲक्सिसने तुम्हाला हा पत्ता दिला इतकाच अर्थ. खातं कुठेही असू शकतं. आता गिऱ्हाईक फोनपेवर आहे आणि त्याचं खातं स्टेट बँकेत. त्याला ६५० रुपये द्यायचेत.

त्याने तुमचा आयडी टाकला की पहिल्यांदा पैसे हलतच नाहीत, फक्त चौकशी होते. ती चौकशी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे जाते. एनपीसीआय @ च्या उजवीकडचं बघते, okaxis, म्हणजे ॲक्सिसला विचारायचं. डावीकडचं xyz म्हणजे कोण हे फक्त ॲक्सिसला माहीत, कारण तुम्ही आयडी बनवला तेव्हा त्यांच्या तक्त्यात "xyz म्हणजे महाराष्ट्र बँक, अमुक खातं, अमुक आयएफएससी" अशी ओळ लिहिली गेली होती. गिऱ्हाइकाच्या फोनवर यातलं परत काय येतं, तर तुमचं नाव. खात्याचा नंबर नाही.

मग तो पिन टाकतो. आता एनपीसीआय ॲक्सिसला पुन्हा विचारते आणि या वेळी खाते क्रमांक आणि आयएफएससी एनपीसीआयच्या हातात येतो. तिथून स्टेट बँकेला निरोप जातो की याचे ६५० वजा करा, तिने हो म्हटलं की महाराष्ट्र बँकेला निरोप जातो की या खात्यात ६५० जमा करा. तिचं हो आलं की दोन्ही ॲपवर हिरवी खूण. म्हणजे तुमचा नंबर माहीत असणारे कोण, तर तुमची बँक, आयडी देणारी बँक आणि मधली एनपीसीआय. ही सगळी उठाठेव दोन चार सेकंदांत होते आणि गिऱ्हाइकाच्या फोनपर्यंत तो नंबर येतच नाही.

कंदीलवाली
वा, हे पहिल्यांदा नीट कळलं. म्हणजे ॲक्सिसमध्ये माझं खातंच नाही तरी त्यांच्याकडे माझा नंबर आहे? हे जरा विचित्रच वाटतंय.

स्विचमॅन
हो. तुम्ही ॲपमध्ये "बँक जोडा" केलंत आणि सिममधून आपोआप एक मेसेज गेला, आठवतंय? त्या मोबाईल नंबरवर तुमच्या बँकेत कुठली खाती आहेत ही माहिती तेव्हाच मागवली गेली. तुम्ही त्यातलं एक निवडलंत. परवानगी तुम्हीच दिलीत, फक्त तेव्हा कुणी वाचत नाही.

@निवृत्त_लेखापाल, आदर ठेवून सांगतो, दोन्ही वाक्यांत गडबड आहे. खाते क्रमांक आणि आयएफएससी एवढ्यावर कुणाला पैसे काढता येत नाहीत, जमा मात्र करता येतात. तुम्ही आयुष्यभर चेक दिले असतील, प्रत्येक चेकवर दोन्ही छापलेलं असतं. काढायला सही लागते किंवा पिन, पासवर्ड, ओटीपी. आणि आयडीचा खात्याशी थेट संबंध असतोच, फक्त तो संबंध समोरच्याला दाखवत नाहीत.

निवृत्त_लेखापाल
चेकचा मुद्दा मान्य. पण मग मला सांगा, खाते क्रमांक देऊन काहीच बिघडत नसेल तर आयडीचा उपयोग काय? उगाच एक जास्तीची पायरी.

स्विचमॅन
बिघडतं, पण चोरीच्या अर्थाने कमी. क्रमांक दिला की तुमची बँक आणि आयएफएससीवरून शाखा कळते, म्हणजे तुम्ही साधारण कुठल्या भागात राहता तेही. मग "अमुक शाखेतून बोलतोय, तुमचं खातं नंबर इतकं इतकं, केवायसी संपलंय" असा फोन आला की माणूस पटकन विश्वास ठेवतो. नुसता क्रमांक घेऊन चोर काही करू शकत नाही, पण त्या क्रमांकाच्या जोरावर तुमच्याकडून ओटीपी काढून घेऊ शकतो.

दुसरं म्हणजे आयडी टाकून देता येतो. नको झाला, काढला, नवा केला. खाते क्रमांक असा बदलता येत नाही, त्यासाठी खातंच बंद करावं लागतं.

चकलीबहाद्दर
टाकून देण्यापेक्षा मला उलटा उपयोग झाला. मी क्लासेस घेतो, पत्रकांवर भीमचा आयडी छापलेला, @upi वाला. मध्ये मी बँक बदलली. नवीन खात्याला मोबाईल नंबर तोच ठेवला, भीममध्ये ते खातं जोडलं आणि पैसे घेण्यासाठी डीफॉल्ट म्हणून ते निवडलं. बस. पत्रकं तीच, पालकांना काही कळवायची गरज नाही, फिया नव्या खात्यात यायला लागल्या. फक्त जुनं खातं बंद करायच्या आधी एका मित्राकडून एक रुपया मागवून तो कुठल्या खात्यात पडतोय ते बघितलं. उलट दोन पालक एनईएफटी करायचे त्यांना मात्र सगळं परत पाठवावं लागलं, त्यातल्या एकाने जुन्याच खात्यात टाकले, मग फोनाफोनी.

स्विचमॅन
बरोबर. तक्त्यातल्या ओळीत आयडीपुढचं खातं बदललं, आयडी तोच. फक्त मोबाईल नंबर तोच असणं महत्त्वाचं, नवीन बँकेत दुसरा नंबर दिला असता तर ते खातं ॲपला सापडलंच नसतं.

उत्तरध्रुव
मी अमेरिकेत असतो. आईला दर महिन्याला पैसे पाठवतो तर तिचा हा आयडी वापरून इथल्या खात्यातून थेट पाठवता येतील का? खाते क्रमांक, स्विफ्ट कोड, पत्ता हे सगळं भरून कंटाळा आलाय.

चकलीबहाद्दर
@उत्तरध्रुव, धागा खाते क्रमांक लपवण्याचा आहे रे.

स्विचमॅन
इथल्या म्हणजे अमेरिकेतल्या खात्यातून नाही. पण तुमचं भारतात एनआरई किंवा एनआरओ खातं असेल आणि त्याला तुमचा अमेरिकन मोबाईल नंबर जोडलेला असेल तर त्यावर यूपीआय सुरू करता येतं, २०२३ पासून अमेरिकेसह काही देशांच्या नंबरांना परवानगी आहे. तुमची बँक ते देते का ते मात्र विचारा. सिंगापूरचं वेगळं आहे, तिथली पेनाऊ ही पेमेंट व्यवस्था आणि आपली यूपीआय फेब्रुवारी २०२३ मध्ये एकमेकांना जोडली आहे.

सईची_आई
मूळ विषयावर येऊ का? कंदीलवालीताई, एक गोष्ट करा. ॲपमध्ये प्रोफाइलमध्ये जाऊन आयडी बघा. नंबर असेल तर तिथेच दुसरा आयडी करता येतो, नावाचा किंवा धंद्याच्या नावाचा. मी तसा केला आणि नवा क्यूआर काढला, कारण क्यूआरच्या आत आयडीच असतो ना, जुना क्यूआर छापत राहिलात तर नंबर जातच राहणार. जुना आयडी मग काढून टाकला. नेहमीच्या गिऱ्हाइकांना एकदा नवा पाठवला, दोघंतिघं कुरकुरले, झालं.

पक्याभाई
क्यूआरच्या आत काय असतं ते कुणाला माहीत असेल तर सांगा. मला वाटायचं त्यात सगळी कुंडली असते, खात्यासकट.

स्विचमॅन
कॅमेऱ्याच्या साध्या स्कॅनरने वाचून बघा, साधारण असं दिसेल:

```
upi://pay?pa=xyz@okaxis&pn=XYZ&cu=INR
```

pa म्हणजे पत्ता, pn म्हणजे नाव, cu म्हणजे चलन. कधी am म्हणून रक्कम पण असते. खाते क्रमांक यात नसतो. दुकानदारांच्या क्यूआरमध्ये अजून दोन चार गोष्टी असतात पण खातं सहसा त्यातही नसतं.

यातला pn आणखी एका कारणाने बघण्यासारखा आहे. ते नाव क्यूआर बनवणारा हवं ते लिहू शकतो. पूर्वी लोक ॲपमध्ये आयडीला पण काहीही नावं द्यायचे, "श्री समर्थ एंटरप्रायझेस" असं दिसायचं आणि खातं भलत्याचंच. म्हणून २०२५ च्या जूनअखेरपासून एनपीसीआयने ॲपना सक्ती केली की पैसे देणाऱ्याला बँकेच्या नोंदीतलं नाव दाखवायचं. क्यूआरमधलं किंवा आपण ठेवलेलं नाही.

कंदीलवाली
अच्छा म्हणून! एका बाईने मला विचारलं "तुम्ही अमुक तमुक यांच्या मिसेस का", मी चाटच पडले. बँकेत माझं नाव पूर्ण आहे, नवऱ्याच्या नावासकट.

स्विचमॅन
हो, ते दिसणारच. चुकीच्या माणसाला पैसे जाऊ नयेत म्हणून ते आहे. खाते क्रमांकाच्या बाबतीत बरीच वर्षं उलट होतं, एनईएफटीत नाव काहीही लिहा, पैसे फक्त क्रमांक बघून जमा व्हायचे, एक आकडा चुकला आणि तो दुसऱ्या कुणाचा निघाला की संपलं. एनईएफटी आरटीजीएसला नाव आधी दाखवायची सोय आता एप्रिल २०२५ पासून आली. धंद्याचं नाव दिसायला हवं असेल तर धंद्याच्या नावाने चालू खातं काढा आणि आयडी त्याला जोडा, मग बँकेच्या नोंदीत तेच नाव असल्यामुळे तेच दिसेल.

सईची_आई
म्हणजे बघा, क्रमांक लपला, पण नाव, नवऱ्याचं नाव, नंबरवाला आयडी असेल तर फोन नंबर, हे सगळं उघडं. मला विचाराल तर खाते क्रमांक कळला असता तर परवडलं असतं.

मी_नवीन
अजून एक भर. माझा जीपेचा आयडी मी काही न करता आपोआप आला होता, माझ्या जीमेलच्या नावाचाच, @ च्या आधीचा भाग जसाच्या तसा. म्हणजे ज्याला आयडी दिला त्याला माझा ईमेल पण ओळखता येतो.

पक्याभाई
म्हणजे आमचे तीर्थरूप अगदीच चुकले नव्हते म्हणायचे!!! नुसतं शेपूट बदलायचं राहिलं.

गावठी_वकील
सगळे लपवण्याबद्दल बोलताय, मी दुसरी बाजू सांगतो. माझ्याकडे एक फोटोग्राफर आला होता, अनोळखी गिऱ्हाइकाकडून आयडीवर ४,००० रुपये घेतले, काम केलं, विषय संपला. काही आठवड्यांनी त्याच्या खात्यातले पैसे अडकले. झालं असं होतं की गिऱ्हाइकाने ते पैसे कुणाची तरी फसवणूक करून मिळवले होते, मूळ माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, आणि पैसे जिथे जिथे गेले त्या साखळीतल्या खात्यांवर बँकांनी होल्ड टाकला. त्याला वाटत होतं आयडी दिलाय, खातं कुठे दिलंय. पोलिसांना आणि बँकेला आयडीवरून खातं काढायला काही लागत नाही. बिल, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, काम दिल्याचा पुरावा हे सगळं ठेवा, त्यावरच तो सुटला.

निवृत्त_लेखापाल
हे तर भयंकरच आहे. मग रोख बरी.

गावठी_वकील
काका, नागपूरच्या गिऱ्हाइकाकडून रोख कशी घेणार? घाबरवायचा हेतू नाही. ओळख लपवायचं हे साधन नाही एवढंच म्हणायचंय. आणि मी तर म्हणतो अनोळखी लोकांचे पैसे घ्यायला एक वेगळं छोटं खातं ठेवा आणि आयडी त्यालाच जोडा, होल्ड आला तर पगाराचं खातं तरी चालू राहील.

स्विचमॅन
वेगळ्या खात्याशी सहमत. नावाच्या आयडीइतकंच ते महत्त्वाचं आहे.

चकलीबहाद्दर
कुणीतरी ते पण लिहा की पैसे घेताना पिन टाकायचा नसतो. आमच्या सोसायटीत एकाने जुना सोफा विकायला टाकला तर समोरच्याने क्यूआर पाठवला, "हा स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे येतील". आणि ती रिक्वेस्ट पाठवून पैसे उकळायची भानगड पण आहेच.

स्विचमॅन
पैसे घ्यायला पिन लागत नाही, यात अपवाद नाही. रिक्वेस्टचं म्हणाल तर व्यक्तीने व्यक्तीला पाठवायची पैशाची मागणी १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केली आहे. दुकानदार, कंपन्या पाठवू शकतात अजून. त्यामुळे तुमचा आयडी कुणाकडे असला तरी त्यावर कुणी ऐरागैरा मागणी टाकू शकत नाही, पूर्वी टाकू शकायचा आणि आयडी वाटण्यातला तोच खरा त्रास होता.

कंदीलवाली
मी काल प्रयोग केला. आधी नावाचा नवा आयडी केला, मग बहिणीला सांगितलं एक रुपया पाठव आणि तुला जे जे दिसेल त्या सगळ्याचे स्क्रीनशॉट पाठव. तिच्या ॲपमध्ये माझं बँकेतलं नाव, माझा आयडी, व्यवहाराचा नंबर. खाते क्रमांक नाही. एसेमेसमध्ये फक्त तिच्याच खात्याचे शेवटचे आकडे. पण तिच्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ओळ जरा लांब आहे, त्यात UPI, मग DR, मग एक बारा आकडी नंबर, मग माझं अर्धंच नाव आणि त्यापुढे MAHB असं आहे. हे MAHB म्हणजे महाराष्ट्र बँक ना? म्हणजे बँक कळली की!

स्विचमॅन
हो, आयएफएससीची पहिली चार अक्षरं. सगळ्या बँका छापत नाहीत, काही छापतात. त्यामुळे माझं वरचं "फोनपर्यंत येत नाही" हे क्रमांकाबद्दल खरं, बँक कुठली हे मात्र असं बाहेर पडू शकतं. शाखा नाही कळत त्यावरून. बारा आकडी नंबर मात्र जपून ठेवायला सांगा गिऱ्हाइकांना, पैसे तिकडे कापले आणि तुम्हाला आले नाहीत तर तोच घेऊन बँकेत जायचं. असे अडकलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत परत गेले पाहिजेत, नाही गेले तर बँकेला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते.

कंदीलवाली
आणि एक गंमत, बहिणीचा आयडी मला पण दिसला. म्हणजे हे दोन्हीकडून आहे.

स्विचमॅन
अर्थात. म्हणून कुणाला पैसे परत करायचे असतील तर खातं मागायची गरज नाही, त्याच पत्त्यावर परत करा. फक्त एक बघा, तुम्ही ज्या दोघांना सुरुवातीला क्रमांक दिलात त्यांनी ॲपमधून खाते क्रमांक टाकून पैसे पाठवले असतील तर यूपीआयमध्ये तो पण एक पत्ताच बनतो, खाते क्रमांक, @, आयएफएससी आणि पुढे .ifsc.npci. त्यांच्याकडे तो तसाच साठलेला राहणार, तिथे लपवालपवी काही नाही.

कंदीलवाली
एकाने तसंच पाठवलंय बहुतेक. जाऊ दे, ती शाळेतल्या मैत्रिणीची जाऊ आहे.

मी_नवीन
मला एक अजून कळत नाहीये. सईच्या आईने जुना आयडी काढून टाकला. पिशव्यांमधले जुने क्यूआर अजून कुणाकडे असतील, त्यांनी स्कॅन केलं तर काय होतं? आणि तोच आयडी उद्या दुसऱ्या कुणाला मिळाला तर पैसे त्याला जातील ना?

सईची_आई
माझ्या एका गिऱ्हाइकाने जुना स्कॅन केला होता, त्याला आयडी चुकीचा आहे असं आलं आणि पैसे गेलेच नाहीत. दुसऱ्याला मिळायचं म्हणाल तर त्यात माझा फोन नंबरच होता, तो माझ्याकडेच आहे.

स्विचमॅन
बरोबर, चौकशीच्या पायरीवरच अडतं, पिनपर्यंत जात नाही. नंबरवाल्या आयडीत खरी गडबड तेव्हा, जेव्हा तुम्ही सिमच सोडून देता आणि कंपनी तो नंबर दुसऱ्याला देते. म्हणून २०२५ पासून बँका आणि ॲप बंद पडलेले, दुसऱ्याला दिलेले नंबर नोंदीतून नियमित काढतात. तरी नंबर सोडण्याआधी स्वतः जाऊन आयडी काढणं बरं.

चकलीबहाद्दर
आणि त्या पेटीएमवाल्यांचं काय झालं, २०२४ मध्ये त्यांच्या पेमेंट्स बँकेवर निर्बंध आले तेव्हा? माझ्या भाजीवाल्याचा क्यूआर अजून @paytm चाच आहे आणि चालतो.

स्विचमॅन
दुकानदारांचे @paytm पत्ते येस बँकेकडे वळवले. म्हणजे @ च्या उजवीकडचं नाव तेच आणि त्यामागची बँक बदलली. साध्या ग्राहकांना मात्र ॲक्सिस, एचडीएफसी, स्टेट बँक आणि येस बँक यांच्या नवीन हँडलवर, म्हणजे @ च्या पुढच्या नव्या नावावर, जायला सांगितलं. भाजीवाल्याला यातलं काही कळलं पण नसेल.

निवृत्त_लेखापाल
ठीक. वेगळं बचत खातं काढतो आणि आयडी त्यालाच जोडतो. त्या आयडीत जन्मवर्ष टाकू का? माझ्या नावाचे बरेच आहेत, नुसतं नाव मिळत नाहीये.

सईची_आई
काका, जन्मवर्ष नको!! दुसरं काहीतरी टाका.